मराठीचं à¤®à¤°à¤¾à¤ à¥€ का होतं?

समजा, तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय आहे. सभासद नोंदणीचा अर्ज यंदा ऑनलाइन भरून घेतला. शेवटी सगळ्यांची यादी एका CSV फाइलमध्ये उतरवली आणि विंडोजच्या संगणकावर तिच्यावर डबल-क्लिक केलं. एक्सेल उघडलं, रकाने जागच्या जागी, फोन नंबर बरोबर, तारखा बरोबर. फक्त नाव, गाव अशा मराठीत भरलेल्या रकान्यांत माणसांऐवजी ही मंडळी येऊन बसलेली: à¤¨à¤¾à¤¶à¤¿à¤•, à¤®à¤°à¤¾à¤ à¥€.

फाइल पाठवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "अहो, माझ्याकडे तर सगळं व्यवस्थित दिसतंय." तो खोटं बोलत नसतो. मग कुणीतरी सुचवतं, "मराठी फॉन्ट टाका, होईल." फॉन्ट टाकून काहीच होत नाही, कारण हा आजार फॉन्टचा नाहीच. या चिन्हांकडे जरा निरखून पाहिलं तर ती अजिबात वेडीवाकडी नाहीत. à¤, à¤, à¤ असा ठेका त्यांना आहे, आणि तो ठेका कुठून येतो हे कळलं की फाइल वाचवता येईल की नाही हेही बऱ्याचदा नुसत्या नजरेने सांगता येतं.

सुरुवात फाइलच्या पोटातून करू. फाइलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. एकेक आकडा एका बाइटचा, म्हणजे ० ते २५५ यांच्यातला. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे एका तक्त्यात ठरलेलं असतं. या तक्त्यालाच ढोबळपणे एन्कोडिंग म्हणतात. ० ते १२७ या आकड्यांवर साऱ्या जगाचं बऱ्यापैकी एकमत आहे: तो आस्की नावाचा १९६३ सालचा अमेरिकी तक्ता. इंग्रजी अक्षरं, अंक, स्वल्पविराम सगळं त्यात बसतं. म्हणून आपल्या यादीतले फोन नंबर बिघडले नाहीत.

भांडण आहे ते १२८ ते २५५ या वरच्या अर्ध्या भागावर. तिथे ज्याने त्याने आपापली अक्षरं बसवली. रशियनांनी त्यांची, ग्रीकांनी त्यांची, आणि पश्चिम युरोपासाठी मायक्रोसॉफ्टने केलेल्या तक्त्यात फ्रेंच-जर्मन अक्षरं आली, शिवाय येन, युरो, ® अशी चिन्हं. या तक्त्याचं नाव विंडोज-१२५२. भारतातही इंग्रजीतून चालणाऱ्या विंडोजमध्ये जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांसाठी सहसा हाच तक्ता लावलेला असतो. देवनागरीसाठी विंडोजने असा जुन्या पद्धतीचा नेहमीचा तक्ता दिलाच नाही. आपल्याकडे इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये निघालं होतं, पण घरोघरच्या संगणकांत ते रुजलं नाही.

त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडची कल्पना सरळ आहे: प्रत्येक भाषेने त्याच १२८ खुर्च्यांवर भांडत बसण्यापेक्षा जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यावा. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक आले, आणि त्यांची आतली मांडणी इस्कीवरूनच घेतली. म चा क्रमांक २३५०, र चा २३५२, ठ चा २३३६. काना आणि वेलांटी यांनाही वेगळे क्रमांक आहेत, काना २३६६ आणि दीर्घ वेलांटी २३६८. म्हणजे आपल्याला 'मराठी' ही तीन अक्षरं वाटतात, पण संगणकाच्या हिशेबी ते पाच क्रमांक आहेत.

आता अडचण अशी की २३५० हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, तिथे २५५ ला भिंत आहे. म्हणून मोठा क्रमांक अनेक बाइटांत कसा फोडून लिहायचा याची एक रीत लागते. सध्या जगभर जी रीत चालते तिचं नाव यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ च्या सप्टेंबरात ती आखली, तीही न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखाली घालायच्या कागदावर. ० ते १२७ हे क्रमांक जसेच्या तसे एका बाइटमध्ये ठेवायचे, मोठे मात्र फोडायचे, असा तिचा नियम. देवनागरीच्या क्रमांकांचे तीन बाइट होतात.

फोडायचं कसं, ते म वर करून पाहू. क्रमांकाला ६४ ने भागायचं. २३५० म्हणजे ३६ वेळा ६४ आणि बाकी ४६. तीन बाइटांपैकी पहिल्यावर 'इथून तीन बाइटांचं अक्षर सुरू होतं' अशी खूण असते, ती खूण म्हणजे २२४. पुढच्या दोघांवर 'मी मागच्याचा जोडीदार' अशी खूण, ती म्हणजे १२८ मिळवणे. मग दुसरा बाइट १२८ अधिक ३६, म्हणजे १६४. तिसरा १२८ अधिक ४६, म्हणजे १७४. झालं. फाइलमध्ये म जाऊन बसतो तो २२४, १६४, १७४ असा. (खूप मोठे क्रमांक असले तर पहिल्या बाइटातही थोडा भाग जातो. देवनागरीला तिथपर्यंत जायची गरज पडत नाही.)

देवनागरीचा पहिला क्रमांक २३०४ हा बरोबर ३६ गुणिले ६४ आहे. त्यामुळे देवनागरीच्या पहिल्या ६४ चिन्हांचा दुसरा बाइट नेहमी १६४ येतो आणि पुढच्या ६४ चा नेहमी १६५. स्वर, सगळी व्यंजनं, काना, ऱ्हस्व वेलांटी हे सगळे पहिल्या घरात. दीर्घ वेलांटीपासून पुढे उकार, मात्रा, हलन्त, देवनागरी अंक हे दुसऱ्या घरात.

आता हीच फाइल एखाद्या प्रोग्रामने विंडोज-१२५२ चा तक्ता समोर ठेवून वाचली तर? त्या तक्त्यात तीन-तीनच्या जोड्या वगैरे काही नसतं. एक बाइट, एक चिन्ह. २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला à. १६४ म्हणजे ¤, हे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह. १६५ म्हणजे ¥, जपानचा येन. तिसऱ्या बाइटावर जे असेल ते. 'मराठी'चा हिशेब असा:

```
म    224 164 174    à¤®
र    224 164 176    à¤°
ा    224 164 190    à¤¾
ठ    224 164 160    à¤ (तिसरं चिन्ह दिसत नाही)
ी    224 165 128    à¥€
```

उजवा रकाना सलग वाचा, आपली सुरुवातीची भुतावळ हजर. ठ च्या वाटणीला आलेला १६० हा विंडोज-१२५२ मध्ये 'न तुटणारी रिकामी जागा' आहे, म्हणून तिथे मध्येच फट दिसते. ही फट पुढे आपल्याला त्रास देणार आहे.

à¤ आणि à¥ यांचा ठेका आला तो इथून. मजकूर देवनागरी असेल तर या दोन जोड्यांखेरीज तिसरी येऊच शकत नाही. बंगाली मजकूर असाच बिघडला तर à¦ आणि à§ दिसतात, गुजराती बिघडला तर àª आणि à«. एखाद्याने नुसता स्क्रीनचा फोटो पाठवला तरी कचऱ्यामागची लिपी ओळखता येते. शिवाय à मोजले की मूळ मजकुरात किती चिन्हं होती तेही कळतं. मोडी लिपीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, पण तिचे क्रमांक इतके वरचे की प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. मोडी बिघडली तर à दिसणारच नाही, सुरुवात ð ने होईल.

पाठवणाऱ्याला नीट का दिसतं याचं उत्तर यातच आहे. त्याच्या फोनवरचा किंवा मॅकवरचा प्रोग्राम फाइल यूटीएफ-८ समजून वाचतो. दोघांकडे बाइट अगदी तेच आहेत, तक्ते वेगळे. CSV ही अगदी साधी मजकुराची फाइल, 'मला अमुक तक्त्याने वाचा' हे तिच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. वेबपानात ते `<meta charset="utf-8">` असं लिहिता येतं, CSV मध्ये तशी सोयच नाही. मग उघडणारा प्रोग्राम अंदाज करतो, आणि डबल-क्लिक केल्यावर एक्सेलचा अंदाज बहुधा विंडोजच्या जुन्या तक्त्याकडे झुकतो.

एक पळवाट आहे. फाइलच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट ठेवले तर एक्सेल ते पाहून समजतं की ही यूटीएफ-८ आहे. या तीन बाइटांना बॉम म्हणतात. पण हा उपायही दुधारी. ज्याला बॉम माहीत नाही त्या प्रोग्रामला पहिल्या रकान्याचं नाव 'नाव' असं दिसत नाही, त्याच्या आधी एक अदृश्य चिन्ह चिकटलेलं असतं, आणि मग 'नाव नावाचा रकानाच सापडत नाही' अशी तक्रार येते. रकाना समोर दिसतोय आणि प्रोग्राम म्हणतो नाही, अशा वेळी पहिला संशय बॉमवर घ्यावा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत अशी फाइल `utf-8-sig` म्हणून वाचली की तो आपोआप सोलला जातो. आणि कुठे फाइलच्या तोंडाशी ï»¿ अशी तीन चिन्हं दिसली तर तो हाच बॉम, चुकीच्या तक्त्याने वाचलेला.

बॉम नसेल तर डबल-क्लिकचा मोह टाळायचा. एक्सेल आधी रिकामं उघडायचं, `Data` मध्ये जाऊन `From Text/CSV` निवडायचं, आपली फाइल दाखवायची. समोर नमुना येतो आणि वर `File Origin` अशी एक यादी असते. त्यात `65001: Unicode (UTF-8)` निवडलं की नमुन्यातली भुतं डोळ्यांदेखत नावं होतात. फाइलमधला एकही बाइट बदलला नाही, फक्त वाचायचा तक्ता बदलला.

आता सगळ्यात जोखमीची गोष्ट: सेव्ह करणं. इथे लोक जे करतात त्याचे परिणाम उलटेपालटे आहेत. फाइल भुताळलेली दिसत असताना ती विंडोज-१२५२ मध्येच पुन्हा लिहिली गेली, तर à परत २२४ होतो, ¤ परत १६४, आणि मूळ बाइट जसेच्या तसे परत येतात. म्हणजे दिसायला भयंकर, पण नुकसान नाही. याउलट फाइल नीट मराठीत दिसते आहे आणि तुम्ही ती साध्या `CSV (Comma delimited)` प्रकारात सेव्ह केलीत, तर एक्सेलला प्रत्येक देवनागरी चिन्ह जुन्या तक्त्यात बसवायचं असतं. तिथे म नावाची खुर्चीच नाही. मग तो तिथे प्रश्नचिन्ह ठेवतो. 'मराठी' चं होतं ?????, पाच चिन्हांची पाच प्रश्नचिन्हं. ही पाचही खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत, प्रत्येकाचा बाइट ६३. त्यांच्या मागे काहीही लपलेलं नाही. कोणताही तक्ता लावा, कोणताही फॉन्ट टाका, 'मराठी' परत येणार नाही. मराठी मजकूर सेव्ह करताना प्रकार निवडायचा तो `CSV UTF-8 (Comma delimited)`. एक्सेल अशा फाइलला बॉमही लावून देतं.

नोटपॅडमध्येही पूर्वी हेच व्हायचं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपर्यंत नोटपॅडचा ठरलेला प्रकार `ANSI`, म्हणजे विंडोजचा तोच जुना तक्ता, होता. मराठी लिहून सेव्ह करताना तो एक इशारा दाखवायचा, आपण सवयीने ओके दाबायचो, आणि दुसऱ्या दिवशी फाइलभर प्रश्नचिन्हं. त्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतं.

तिसरा प्रकार म्हणजे दुहेरी बाधा. फाइल भुताळलेली दिसत असताना ती `CSV UTF-8` म्हणून सेव्ह केली. आता प्रोग्रामच्या दृष्टीने à, ¤, ® हीच खरी अक्षरं, आणि तो त्यांनाच इमानेइतबारे यूटीएफ-८ मध्ये लिहितो. à चे दोन बाइट, ¤ चे दोन, ® चे दोन. म ला आधी तीन बाइट पुरत होते, आता सहा लागले. यापुढे फाइल अगदी योग्य तक्त्याने उघडली तरी à¤® च दिसणार. आणि ती परत चुकीच्या तक्त्याने उघडली तर म चं Ã Â¤Â® होतं. Ã आणि Â यांची रेलचेल दिसली की समजायचं, फाइल दोनदा बुडाली आहे. तरीही ती बुडालेली आहे, वाहून गेलेली नाही. जितक्या वेळा बिघडली तितक्या वेळा उलट जाऊन काढता येते.

काही बिघाड दिसायला यांचे भाऊबंद वाटतात, पण घराणं वेगळं. अक्षरांच्या जागी कोरे चौकोन दिसत असतील तर क्रमांक बरोबर वाचले गेले आहेत, फक्त त्यांचं चित्र काढायला फॉन्टकडे आकार नाही. 'फॉन्ट टाका' हा सल्ला इथे, आणि मुख्यतः इथेच, लागू पडतो. 'मराठी' च्या जागी ejkBh आणि 'नाशिक' च्या जागी ukf'kd दिसत असेल तर तो कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला जुना मजकूर. तिथे फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत, कृतिदेव फॉन्ट e च्या जागी म चं चित्र काढायचा एवढंच. फॉन्ट काढला की सोंग उतरलं. श्री-लिपी आणि त्या काळातले इतर फॉन्टही याच युक्तीवर चालायचे, पण प्रत्येकाची जुळणी वेगळी, म्हणून एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. त्यातही ऱ्हस्व वेलांटीची गंमत आहे: टंकलेखन यंत्राच्या सवयीने ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची. ukf'kd मध्ये f ही वेलांटी, आणि ती श च्या आधी आली आहे. युनिकोडमध्ये मात्र ती उच्चाराप्रमाणे श च्या नंतर ठेवतात. नुसतं अक्षराला अक्षर बदलणारा कन्व्हर्टर इथे वेलांट्या भलत्याच अक्षरांवर चढवून ठेवतो.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, म्हणजे �, हे आणखी वेगळं. साधं ? हे लिहिणाऱ्याने टेकलेले हात, तर � हे वाचणाऱ्याने टेकलेले हात. यूटीएफ-८ समजून वाचताना न जुळणारे बाइट आले की प्रोग्राम हे चिन्ह दाखवतो. मराठीत ते एका ठरावीक जागी हमखास भेटतं: नावाच्या शेपटाला. समजा एखाद्या प्रोग्राममध्ये नावासाठी २० ची मर्यादा आहे आणि ती अक्षरांत न मोजता बाइटांत मोजली आहे. इंग्रजीत वीस अक्षरं आरामात बसतात, त्यामुळे बनवणाऱ्याला कधी शंका आली नाही. 'ज्ञानेश्वर' मध्ये ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. विसाव्या बाइटवर कात्री लागली. पहिली सहा चिन्हं १८ बाइटांत बसली, श चे तीनपैकी दोनच बाइट आत आले. छापून येतं 'ज्ञाने�'. पुढचे बाइट साठवलेच नसतील तर ते नाव परत विचारूनच घ्यावं लागतं.

आता à¤ वाल्या मजकुराकडे परत येऊ, कारण दुरुस्ती करण्याजोगा तोच आहे. मूळ फाइल हाताशी असेल तर काहीच करायचं नाही, ती नीट उघडायची. पण बऱ्याचदा मूळ फाइल कुणीतरी पुसलेली असते आणि हातात असते भुताळलेली एक्सेल शीट, कारण .xlsx म्हणून सेव्ह करताना à¤ हीच अक्षरं आत गेली. मग उलटा प्रवास: चिन्हांचे विंडोज-१२५२ प्रमाणे परत बाइट करायचे, ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पायथॉनमध्ये एका ओळीचं काम.

```python
s = "à¤¨à¤¾à¤¶à¤¿à¤•"
print(s.encode("cp1252").decode("utf-8"))   # नाशिक
```

नाशिक सुटलं म्हणून खूश होऊन अख्खी यादी यातून काढायला जावं, तर पुण्याचा पहिला सभासद आल्याबरोबर प्रोग्राम कोसळतो. नाशिक चालतं आणि पुणे अडतं, याचा प्रादेशिक वादाशी संबंध नाही. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. तिथे कोणतंच चिन्ह बसवलेलं नाही. आणि आपलं दुर्दैव असं की देवनागरीतली रोजच्या वापरातली मंडळी नेमकी त्याच घरांत पडतात. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट १२९. हलन्ताचा, म्हणजे ज्याच्यावर आपली सगळी जोडाक्षरं उभी आहेत त्याचा, १४१. ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. चंद्रबिंदूचाही १२९, फक्त त्याच्या आधी १६५ च्या जागी १६४.

मूळ फाइल थेट पायथॉनने वाचतानाही हाच खड्डा लागतो. विंडोजवर कोणतं एन्कोडिंग ते न सांगता `open` केलं तर पायथॉन आजवर विंडोजचाच जुना तक्ता घेत आला आहे (३.१५ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ घ्यायचं ठरलं आहे). फाइल 'पुणे' ने सुरू होत असेल तर उत्तर येतं:

```
UnicodeDecodeError: 'charmap' codec can't decode byte 0x81
in position 5: character maps to <undefined>
```

0x81 म्हणजेच १२९, आणि जागा शून्यापासून मोजत पाचवी, म्हणजे प चे तीन बाइट सोडून उकाराचा शेवटचा बाइट. मला स्वतःला कोसळणारं 'पुणे' परवडतं. सगळी 'नाशिक' सारखीच नावं असलेली फाइल निमूट वाचली जाते आणि à¤ चा कचरा पुढे डेटाबेसात जाऊन बसतो, तो महिन्याने कुणाच्या तरी लक्षात येतो. `open("yadi.csv", encoding="utf-8")` एवढं लिहिलं की दोन्ही सुटतात.

विंडोज स्वतः आणि ब्राउझर या बाबतीत पायथॉनइतके काटेकोर नाहीत. रिकाम्या घराचा बाइट आला तर ते त्याच क्रमांकाचं एक अदृश्य नियंत्रण-चिन्ह तिथे ठेवतात. म्हणून एक्सेलमध्ये 'पुणे' चं à¤ªà¥à¤£à¥‡ असं दिसतं. à¥ च्या पुढे तिसरं चिन्ह आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. ते टिकून असेल तर थोडा सैल कोड लिहून काम होतं: विंडोज-१२५२ मध्ये बसतं ते तसं, न बसणारं जसंच्या तसं.

```python
def parat(s):
    b = bytearray()
    for ch in s:
        try:
            b += ch.encode("cp1252")
        except UnicodeEncodeError:
            b += ch.encode("latin-1")
    return b.decode("utf-8")
```

हेच काम नीटनेटकं करणारी `ftfy` नावाची तयार लायब्ररीही आहे, मोठ्या यादीसाठी तीच वापरावी.

पण अदृश्य चिन्हं अदृश्य असल्यामुळेच जीव गमावतात. तो मजकूर चॅटमध्ये चिकटवला, तिथून कॉपी करून दुसरीकडे नेला, किंवा 'फालतू चिन्हं साफ करा' असा एखादा फॉर्म्युला मारला, की वाटेत कुणीतरी १२९ आणि १४१ गाळून टाकतं. ठ च्या पुढच्या त्या फटीचंही तेच: न तुटणाऱ्या जागेची साधी स्पेस झाली की १६० चा ३२ होतो आणि ठ मोडतो. म्हणून बिघडलेला मजकूर कुणाकडून मागवताना तो चिकटवून मागवू नये, फाइलच मागावी.

गाळलेल्या मजकुरात मग असं दिसतं की à¥ आहे आणि लगेच पुढचा à सुरू. तिथे काहीतरी हरवलं हे नक्की, पण काय? à¥ च्या घरात नाहीसे होणारे नेहमीचे दोघंच: उकार आणि हलन्त. 'पुणे' असेल तर प्रश्न नाही, 'प्णे' नावाचं गाव आपल्याकडे नाही. यादीत पुढे वाचनालयातल्या पुस्तकांचा रकाना आहे. त्यात à¤•à¤°à¥à¤£ असं एक शीर्षक आहे. क, र, मध्ये हरवलेलं काहीतरी, ण. ते 'कर्ण' असेल किंवा 'करुण' असेल. बाइट यापुढे काही सांगत नाहीत. कपाटापाशी जाऊन पुस्तक काढून पाहावं लागतं.